‘आजच संपर्क साधा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

ठाण्यातल्या एखाद्या दुग्धालयाची जाहिरात कशी असेल, ते डोळ्यांसमोर आणा. वर गायीचं चित्र, त्याखाली ‘तीन पिढ्यांचा विश्वास’ आणि तळाशी एका दमात सगळं: ‘ॲप डाउनलोड करा, फोन करा, दुकानाला भेट द्या, ऑनलाइन मागवा. आजच संपर्क साधा!’ मालकाला यात काही खटकत नाही. त्याच्याकडे चारही सोयी आहेत आणि चारही त्याने सांगितल्या आहेत. वाचणाऱ्याला मात्र ही ओळ एक जास्तीचं काम देते. या चारांतलं आपल्यासाठी कोणतं, हे त्यानेच ठरवायचं. तेवढी तसदी कोणी घेत नाही. अंगठा वर सरकतो आणि जाहिरात निघून जाते.

जाहिरातीच्या शेवटी ‘आता हे करा’ असं सांगणारा जो भाग असतो, त्याला या धंद्यातले लोक कॉल टू ॲक्शन किंवा नुसतं ‘सीटीए’ म्हणतात. त्याबद्दलची चर्चा बहुधा बटणाच्या रंगावर आणि एखाद्या चमकदार शब्दावर येऊन थांबते. खरं तर सीटीए लिहिण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. या जाहिरातीतून आपल्याला शेवटी काय हवं आहे ही पहिली, आणि ते करताना समोरच्या माणसाला काय खर्च पडतो ही दुसरी. खर्च म्हणजे फक्त पैसे नव्हेत. ॲप घ्यायचं तर फोनमधली जागा जाते आणि नंबर, पत्ता द्यावा लागतो. फोन करायचा तर अनोळखी माणसाशी बोलावं लागतं. दुकानात जायचं तर अर्धा तास मोडतो. खरेदीत थेट खिशाला हात घालावा लागतो. हे चार खर्च एकाच जातीचे नाहीत, म्हणून चारही विनंत्या एकाच सुरात करून चालत नाही.

आपल्या दुग्धालयाची कामंही नीट पाहिली तर चार वेगळी आहेत. रोज सकाळी घरोघरी दूध जातं. लग्नामुंजीला श्रीखंडाच्या मोठ्या ऑर्डरी येतात. दुकानात ठरावीक दिवशी खरवस मिळतो. आणि गायीचं तूप कुरिअरने पुण्या-नागपूरपर्यंत जातं. एकेक काम घेऊन त्याचा सीटीए कसा बसवायचा, ते पाहू.

आधी उद्दिष्ट, मग बटण

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात देताना पहिला प्रश्न बटणाचा नसतो, उद्दिष्टाचा असतो. लोकांनी संकेतस्थळावर यावं, ॲप घ्यावं, चौकशी करावी की खरेदी करावी, हे जाहिरातदाराला सुरुवातीलाच निवडावं लागतं. त्या निवडीप्रमाणे बटणांची यादी समोर येते: `Install Now`, `Call Now`, `Get Directions`, `Shop Now`, `Learn More`. बटणावर आपले शब्द टाकता येत नाहीत, यादीतलंच एक घ्यावं लागतं. त्यामुळे लिहिणाऱ्याची खरी कामगिरी बटणाच्या वरच्या ओळीत असते.

पण उद्दिष्टाची निवड यादी बदलण्यापुरती नसते. जाहिरात कोणाला दाखवायची, हेही यंत्रणा त्यावरूनच ठरवते. संकेतस्थळावर गर्दी हवी असं सांगितलं, तर ज्यांना दुवे दाबून बघायची सवय आहे अशी माणसं ती शोधून आणते. त्यांनी दाबलं की यंत्रणेचं काम झालं. तूप घेणारी माणसं हवी असतील तर खरेदी हेच उद्दिष्ट निवडावं लागतं, आणि खरेदी झाली की ती नोंद परत यंत्रणेपर्यंत पोचेल अशी व्यवस्था संकेतस्थळावर करावी लागते. पुष्कळ छोटे व्यावसायिक इथेच घसरतात. बटणावर ‘खरेदी करा’ असतं आणि मागे उद्दिष्ट असतं गर्दीचं. मग क्लिक भरपूर पडतात, गल्ला हलत नाही, आणि दोष बिचाऱ्या शब्दांवर जातो.

ॲप: ज्याला खाड्याचा त्रास, त्यालाच सांगा

‘आमचं ॲप डाउनलोड करा’ या वाक्यात दुकानदाराची इच्छा आहे, गिऱ्हाइकाची गरज नाही. दुधाचं गिऱ्हाईक ॲप घेईल ते कशासाठी? दूधवाल्याशी रोजचा व्यवहार असलेल्या कोणत्याही घराला याचं उत्तर माहीत आहे: खाड्यासाठी. गावाला जायचं म्हणून दूध नको सांगितलं, निरोप पोचला नाही, दाराशी पिशव्या साचल्या आणि महिन्याच्या हिशेबात किती खाडे धरायचे यावरून वाद झाला, हे घरोघरी घडतं. म्हणून सीटीए असा हवा: ‘उद्या दूध नको? रात्री १० पर्यंत ॲपवर खाडा टाका.’ त्याखाली इन्स्टॉलचं बटण. यात ॲप हे साधन म्हणून येतं आणि ते का घ्यायचं हे आधीच सांगून झालेलं असतं.

ही ओळ कोणाला दाखवायची, हेही तिच्यातच आहे. ज्याच्याकडे आपलं दूध जात नाही, त्याला खाड्याची सोय सांगून काय उपयोग? पहिले ॲप घेणारे आपल्या चालू गिऱ्हाइकांतूनच मिळतात, म्हणून ही ओळ महिन्याच्या बिलावर आणि दुधाच्या पिशवीवर छापावी, शेजारी क्यूआर कोड द्यावा. पिशवी एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि स्कॅन करायला सकाळचा एक मिनिट मोकळा: कोडला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे जुळून येतात. तोच कोड इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत टाकला तर फुकट जातो, कारण ज्या फोनवर तो दिसतो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करता येत नाही. तिथे साधं बटणच हवं. घोडबंदर रस्त्यावरच्या फलकावर छापलेला कोडही असाच वाया जातो, कारण गाडी चालवणारा तो वाचणार कधी?

इन्स्टॉल झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. ॲप उघडायचं असतं, ओटीपी टाकायचा असतो, पत्ता भरायचा असतो आणि मग कुठे पहिला खाडा नोंदवला जातो. या प्रत्येक पायरीवर थोडी माणसं गळतात. सगळ्यात जास्त गळती होते ती दिलेला शब्द आणि उघडलेला पडदा जुळत नाही तेव्हा. जाहिरातीत खाडा होता, आणि ॲप उघडताच आधी तुपाची ऑफर, मग ठिकाणाची परवानगी, मग सूचनांची परवानगी. माणूस म्हणतो, नंतर बघू. ते ‘नंतर’ क्वचितच येतं. ॲप बनवणाऱ्याकडून अशी सोय करून घेता येते की जाहिरातीतून आलेला माणूस इन्स्टॉलनंतर थेट खाड्याच्या पानावर उतरेल. गूगलच्या ॲप जाहिरातींमध्येही नुसती इन्स्टॉल न मोजता ॲपमध्ये पुढे केलेली कृती हे लक्ष्य ठेवता येतं. दुग्धालयाने मोजायचा आकडा हा की, ॲप घेतलेल्यांपैकी किती जणांनी पहिल्या महिन्यात एकदा तरी ते कामासाठी वापरलं.

फोन: उचलणारा कोण, ते आधी ठरवा

श्रीखंडाची मोठी ऑर्डर बटण दाबून कोणी देत नाही. दोनशे पानांना किती किलो लागेल, केशरी की आम्रखंड, सकाळी आणून द्याल का, हॉलवर फ्रीज नसेल तर काय, असे दहा प्रश्न असतात. या गिऱ्हाइकाला बोलायचंच आहे, म्हणून इथे फोन हाच योग्य सीटीए. पण ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ असं लिहिलं की माहितीचे नुसते फोन येतात. त्यापेक्षा असं लिहावं: ‘पानं किती आणि तारीख कोणती, एवढं सांगा. किती किलो श्रीखंड लागेल ते आम्ही सांगतो. सकाळी ९ ते रात्री ८.’ फोन करणाऱ्याला काय हाताशी ठेवायचं ते कळतं, त्या बदल्यात काय मिळणार ते कळतं आणि केव्हा करायचा तेही कळतं. अनोळखी माणसाला फोन करताना वाटणारा संकोच मोठा असतो, आणि संभाषणाचं पहिलं वाक्य तयार मिळालं की तो बराच उतरतो.

तांत्रिक बाजू अगदी छोटी आहे, पण तीच हमखास विसरली जाते. संकेतस्थळावर नंबर चित्रात लिहिलेला असेल तर तो दाबून फोन लागत नाही. माणसाला तो कागदावर उतरवून परत टाकावा लागतो. नंबर दाबताच फोन लागावा यासाठी पानात एवढंच लागतं:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">श्रीखंडाची ऑर्डर: फोन करा</a>
```

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री ११ वाजता दिसलेलं ‘आत्ता फोन करा’ आणि पलीकडे वाजत राहिलेली घंटा, यात जाहिरातीचे पैसे जातातच, शिवाय गिऱ्हाईक तिथूनच पुढच्या दुकानाला फोन लावतं. गूगलवर जाहिरातीसोबत दिसणारा फोन नंबर ठरावीक दिवशी, ठरावीक वेळीच दिसावा अशी सोय आहे. फोन उचलणारा माणूस जागेवर असेल तेवढ्याच वेळी तो दाखवावा. दुपारी दुकान बंद राहत असेल तर तेवढा वेळही वगळावा.

मोजायचं काय? नुसते आलेले फोन मोजून उपयोग नाही, त्यांत चुकीचे नंबर असतात आणि ‘आज दूध का आलं नाही’ हेही असतं. गूगलमध्ये किती सेकंदांपेक्षा मोठा फोन कामाचा धरायचा, हे आपल्याला ठरवता येतं. आपण काही सांगितलं नाही तर ते ६० सेकंद धरतं. श्रीखंडाचं बोलणं एका मिनिटात होत नाही, तेव्हा ही मर्यादा वाढवणं बरं. पण तक्रारीचा फोनही लांबतो, हे यंत्राला कळत नाही. त्यावर जुनाच उपाय चालतो: फोनजवळ वही, तीन रकाने: चौकशी, ऑर्डर, इतर.

फोन करण्याचा खर्च माणसाला किती पडतो यावर सीटीए कसा बेतता येतो, याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडलं. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०१३च्या सुमारास बिहार आणि झारखंडमध्ये ‘कान खजूरा तेसन’ नावाची सेवा सुरू केली. गावांत वीज बेभरवशाची होती, टीव्ही सगळीकडे पोचत नव्हता, पण साधा मोबाइल हातोहाती होता. तेव्हा प्रीपेडवर एकेक रुपया जपला जाई. कंपनीने लोकांना फोन करायला सांगितलंच नाही. सांगितलं, मिस्ड कॉल द्या. मग उलटा फोन यायचा, त्यावर गाणी आणि विनोद, आणि अधूनमधून साबण-शाम्पूच्या जाहिराती. मिस्ड कॉलला पैसे पडत नव्हते, म्हणून ती विनंती त्या खिशाला बरोबर बसली. बंगळुरूची झिपडायल ही कंपनी तर मिस्ड कॉलवरच उभी राहिली आणि २०१५मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. आज बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे मिस्ड कॉलचं ते आकर्षण ओसरलं आहे. आता फोनचा खर्च आहे तो वेळेचा आणि संकोचाचा. म्हणून लहान चौकशीला हल्ली व्हॉट्सॲपचं बटण चांगलं चालतं, आणि गुंतागुंतीच्या ऑर्डरीला फोनच लागतो.

दुकान: आजच का यायचं?

‘एकदा अवश्य भेट द्या’ हे आमंत्रण इतकं मोघम आहे की त्याला कधीच हो म्हणावं लागत नाही. दुकानात बोलवायचं तर जी गोष्ट दुकानातच मिळते ती पुढे ठेवावी लागते. खरवस ही तशी चीज आहे. चिकाचा पुरवठा रोज नसतो, तो केलेल्या दिवशीच खाण्यात मजा, आणि कुरिअरने पाठवता येत नाही. ‘शनिवारी सकाळी ८ पासून खरवस. संपेपर्यंतच. स्टेशनच्या पश्चिमेला, भाजी मंडईसमोर.’ खाली रस्ता दाखवणारं `Get Directions`. यायचं कारण, दिवस आणि जागा एवढ्यात सांगून झालं. ‘संपेपर्यंतच’ हा शब्द इथे शोभतो, कारण तो खरा आहे.

जागेचा पत्ता सांगताना आपली खूण सांगायची पद्धत कामी येते. ‘दुकान क्रमांक ७, अमुक संकुल’ यावरून कोणी पोचत नाही. ‘मंडईसमोर’ म्हटलं की पोचतो. पण नकाशावर टाकलेली खूणही त्याच दाराशी असायला हवी. ती मागच्या गल्लीत पडलेली असेल तर बटण त्याला मागच्या गल्लीतच नेणार. गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीत वेळा, सुट्ट्या आणि खूण महिन्यातून एकदा तपासणं हा सीटीएचाच भाग आहे. जाहिरात दाखवायचं क्षेत्रही बटणाशी जुळलं पाहिजे. खरवसासाठी डोंबिवलीहून कोण येणार? दोन-तीन किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर ही जाहिरात दाखवणं म्हणजे ज्यांना येणं जमणारच नाही त्यांना बोलावण्याचे पैसे मोजणं.

जाहिरात पाहून कितीजण दुकानात आले, हे मोजणं चारांत सर्वांत अवघड. गूगल मोठ्या जाहिरातदारांना दुकानभेटींचा अंदाज देतं. ज्यांनी आपल्या फोनवर ठिकाणाची नोंद चालू ठेवली आहे, अशा लोकांच्या एकत्रित, नाव नसलेल्या माहितीवरून तो काढलेला असतो. पुरेशी गर्दी नसेल तर तो मिळतच नाही, त्यामुळे एका छोट्या दुकानाने त्याच्या भरवशावर राहू नये. इथे शंभर वर्षांपूर्वीची युक्ती अजून चालते. अमेरिकन जाहिरात लेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३मध्ये ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे छोटं पुस्तक लिहिलं. जाहिरातीत कूपन छापायचं, प्रत्येक कूपनावर वेगळी खूण ठेवायची आणि कोणत्या जाहिरातीतली कूपनं परत येतात ते मोजायचं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या दुग्धालयाला हेच करता येईल: ‘हा मेसेज काउंटरवर दाखवा, खरवसाच्या डब्यावर १० रुपये कमी.’ फेसबुकच्या जाहिरातीत एक शब्द, सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलेल्या मेसेजमध्ये दुसरा. संध्याकाळी गल्ल्याशेजारी किती जमले ते मोजायचं.

खरेदी: बटणामागचा दरवाजा

खरेदीच्या बटणाबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट जॅरेड स्पूल या वापरसुलभतेच्या अभ्यासकाची आहे. ती त्याने २००९मध्ये लिहिली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात माणसं वस्तू निवडायची, पैसे भरायला जायची, तिथे एक छोटा फॉर्म लागायचा: ई-मेल, पासवर्ड आणि दोन बटणं, `Login` आणि `Register`. दुकानाचा समज असा की नेहमीच्या गिऱ्हाइकाला यामुळे पुढच्या वेळी सोपं जाईल. प्रत्यक्षात नवं गिऱ्हाईक तिथे अडायचं, कारण त्याला वस्तू हवी होती, नातं जोडायचं नव्हतं. जुनं गिऱ्हाईकही अडायचं, कारण पासवर्ड आठवत नसे. स्पूलच्या मंडळींनी `Register` काढून तिथे `Continue` ठेवलं आणि एक साधं वाक्य लिहिलं: खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही, हवं तर पुढे उघडता येईल. खरेदी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली, आणि स्पूलच्या सांगण्यानुसार पहिल्या वर्षाची वाढ ३० कोटी डॉलरची होती.

हा एका शब्दाचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. पण बदलला तो फक्त शब्द नव्हता. शब्दामागची सक्ती काढून टाकली होती. सक्ती तशीच ठेवून बटणावर ‘पुढे चला’ लिहिलं असतं, तर लोक एक पायरी पुढे जाऊन अडले असते.

तुपाच्या जाहिरातीला हाच धडा लागू होतो. ‘आत्ता खरेदी करा’ दाबल्यावर जर सर्व उत्पादनांचं पान उघडलं, तर माणसाला तूप परत शोधावं लागतं. थेट त्या बरणीचं पान उघडायला हवं. किंमत बटणाच्या शेजारी हवी, कुरिअरचे पैसे शेवटी उगवता कामा नयेत, आणि पोचायला किती दिवस लागतील ते तिथेच दिसायला हवं. अनोळखी दुकानाकडून पहिल्यांदा तूप मागवणारा शुद्धतेबद्दल साशंक असतो, म्हणून लहान बरणीची सोय ठेवली तर मागणी पेलवते: ‘आधी २०० मिली मागवून बघा.’ आणि शेवटच्या पायरीवर, जिथे खरोखर पैसे जाणार, तिथे गुळमुळीत शब्द नकोत. ‘सबमिट’ दाबल्यावर काय होणार हे कळत नाही. ‘२४० रुपये भरा’ हे कळतं.

सुरुवातीला हलकी विनंती आणि शेवटी स्पष्ट विनंती, हा क्रम बऱ्याचदा उपयोगी पडतो. बराक ओबामा यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर डिसेंबर २००७मध्ये झालेला प्रयोग याच विषयातला आहे. डॅन सिरोकर आणि त्यांच्या गटाने पहिल्या पानासाठी चार बटणं आणि सहा चित्रं किंवा व्हिडिओ घेतले, त्यांच्या २४ जोड्या केल्या आणि सुमारे ३ लाख १० हजार भेटकर्त्यांना त्या वाटून दाखवल्या. मोजलं ते नुसतं बटण दाबणं नव्हे, नाव नोंदवणं. मूळचं बटण होतं `Sign Up`. जिंकलं ते `Learn More`, आणि चित्रांत कुटुंबाचा फोटो. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नोंदणी करत, जिंकलेल्या जोडीवर ११.६ टक्के. गटातल्या लोकांचा कौल एका व्हिडिओला होता, आणि सगळे व्हिडिओ फोटोंपेक्षा मागे पडले.

यावरून ‘अधिक जाणून घ्या’ हे सगळीकडे चालतं, असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. तो उमेदवार तेव्हा अनेकांना नवा होता, तिथे आधी जाणून घ्यावंसं वाटणं साहजिक होतं. दहा वर्षं आपलं तूप खाणाऱ्याला ‘अधिक जाणून घ्या’ म्हटलं तर तो म्हणेल, जाणतो की! त्याला ‘परत मागवा’ एवढंच हवं.

आकडे वाचताना

आता एक काल्पनिक हिशेब करू. दुग्धालयाने तुपाच्या दोन जाहिराती चालवल्या, प्रत्येकीवर ३,००० रुपये. पहिलीवर ‘अधिक जाणून घ्या’, दुसरीवर ‘१ लिटर गायीचं तूप, ८५० रुपये, घरपोच. मागवा.’ पहिलीला ६०० क्लिक आले, दुसरीला २५०. क्लिकच्या हिशेबाने पहिली स्वस्त: एका क्लिकला ५ रुपये, दुसरीला १२. पण पहिलीतून ६ बरण्या गेल्या, दुसरीतून १०. एका बरणीमागे जाहिरातीचा खर्च पहिलीत ५०० रुपये, दुसरीत ३००. किंमत आधीच सांगितल्यामुळे नुसते डोकावणारे दुसऱ्या जाहिरातीकडे आलेच नाहीत. क्लिक कमी येणं हा इथे तोटा नव्हता.

तर दुसरी जिंकली? एवढ्यात नाही. एकूण १६ बरण्या विकल्या गेल्या. दोन्ही जाहिराती अगदी सारख्या असत्या तरीही केवळ योगायोगाने दुसरीच्या वाट्याला १० किंवा जास्त बरण्या येण्याची शक्यता जवळजवळ चारात एक आहे. नाणं १६ वेळा उडवून १० वेळा छापा पडला म्हणून कोणी नाण्याला खोटं म्हणत नाही. दोन्ही जाहिराती आणखी काही आठवडे, एकाच काळात, बाकी काही न बदलता चालू ठेवाव्या लागतील. दिवाळीआधीचा आठवडा एकीला आणि नंतरचा दुसरीला दिला तर तुलना जाहिरातींची उरत नाही, दिवाळीची होते.

आणि बरणीमागे नफा २५० रुपये असेल तर ३०० रुपये खर्च हा पहिल्या विक्रीत तोटाच. म्हणजे शेवटचा आकडा बरण्यांचाही नव्हे. त्या १० जणांपैकी तीन महिन्यांत किती जणांनी परत मागवलं, यावर ही जाहिरात परवडते की नाही ते ठरेल.

हद्द कुठे

माणसाला पुढचं पाऊल दाखवणं आणि त्याला ढकलणं यांत फरक आहे, आणि आता तो कायद्याच्या भाषेतही आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि अशा १३ युक्त्यांची यादी दिली. कोठीत दोनशे बरण्या असताना ‘फक्त २ शिल्लक’ लिहिणं ही खोटी घाई. नकाराच्या बटणावर ‘नको, मला भेसळीचंच चालेल’ असं लिहिणं म्हणजे नकार देणाऱ्याला लाजवणं. न विचारता टोपलीत दह्याचा डबा टाकणं, किंमत शेवटपर्यंत तुकड्यातुकड्यांनी वाढवणं, हेही यादीत आहे. जाहिरात पाहून एका सेवेसाठी आलेल्याला नको असलेलं, असंबंधित ॲप घ्यायला भाग पाडणं हेसुद्धा त्यात मोडतं. तुपासाठी आलेल्या माणसाला ‘आधी ॲप घ्या’ म्हणून अडवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ही ओळ एकदा वाचून ठेवावी.

मग त्या पहिल्या जाहिरातीचं काय करायचं? तिच्या चार जाहिराती करायच्या. पिशवीवर खाड्याची. लग्नसराईत, दुकान उघडं असेल तेवढ्या वेळेत, श्रीखंडाची, फोन नंबरासह. शुक्रवारी संध्याकाळी मंडईच्या आसपास खरवसाची. आणि तुपाची, किमतीसकट, दूरच्या गावांसाठी. प्रत्येकीत ठळक मागणी एकच असावी. खाली बारीक अक्षरांत फोन नंबर राहिला तर बिघडत नाही, कारण तो मुख्य मागणीशी भांडत नाही. लिहून झालं की दुधाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कोणाला तरी ती दाखवावी आणि विचारावं, ‘हे वाचून तू आता काय करशील?’ उत्तर लगेच आणि आपल्याला हवं तेच आलं, तर छापायला हरकत नाही. ‘बहुतेक फोन करीन, किंवा बघेन कधीतरी’ असं आलं, तर बटणाचा रंग बदलून भागणार नाही. ही जाहिरात नेमकी कशासाठी आहे, हे अजून मालकाचंच ठरलेलं नाही.